एक डोळा अधू असेल तर दुसरा जपण्यासाठी: पॉलीकार्बोनेट चष्मा कसा करून घ्यावा

ज्यांचा एक डोळा लहानपणापासून किंवा एखाद्या आजारामुळे कमजोर आहे आणि दुसरा डोळा उत्तम आहे, अशा माणसांना सहसा चष्म्याची सवय नसते. चांगल्या डोळ्याला नंबर नसतो, कमजोर डोळ्याला चष्म्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून तपासणाऱ्यानेही ‘तुम्हाला चष्म्याची गरज नाही’ असे सांगून टाकलेले असते. नजरेच्या हिशेबाने ते बरोबर असते. संरक्षणाच्या हिशेबाने मात्र ते अपुरे आहे, कारण या माणसाचे वाचन, वाहन चालवणे आणि रोजगार हे सारे एकाच डोळ्यावर अवलंबून असते आणि तोच डोळा दिवसभर उघडा राहतो. नंबर नसला तरी अशा व्यक्तीने जागेपणी सतत पॉलीकार्बोनेट काचांचा चष्मा घालावा, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. हा चष्मा प्रथमच करून घेणाऱ्यासाठी, विशेषतः सोलापुरातील यंत्रमाग, गॅरेज, शेती अशा कामांत असलेल्यांसाठी, दुकानात जाण्यापूर्वीपासून चष्मा वापरात येईपर्यंतचे टप्पे पुढे क्रमाने दिले आहेत.

पहिला टप्पा: आपण या गटात मोडतो का, ते ठरवणे

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत आणि योग्य नंबर लावून प्रत्येक डोळ्याची नजर किती येते ते कागदावर लिहून घ्यावे. भिंतीवरच्या तक्त्यावर ६ मीटरवरून सामान्य डोळा ज्या ओळीपर्यंत वाचतो, तिला ६/६ म्हणतात; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. चांगल्यात चांगला नंबर लावूनही एखादा डोळा ६/१२ च्या ओळीपर्यंत पोहोचत नसेल, तर ती व्यक्ती व्यवहारात एका डोळ्यावर चालते असे धरले जाते. ही रेषा सोयीची आहे, कारण ६/१२ दिसणाऱ्या डोळ्यावर माणूस वाचन आणि बहुतेक कामे निभावून नेऊ शकतो. त्याखाली मात्र, चांगला डोळा गेल्यास आयुष्याची घडीच बदलते.

येथे ‘नंबर लावून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चष्म्याशिवाय अंधूक आणि चष्म्याने ६/६ दिसणारा डोळा कमजोर नव्हे. कमजोर डोळ्याची नेहमीची कारणे म्हणजे लहानपणी न सुधारलेला तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठा फरक, बुबुळावरील जुना पांढरा डाग, जुनी इजा, काचबिंदू आणि पडद्याचे आजार. कारण कोणतेही असले तरी संरक्षणाचा नियम एकच आहे. मात्र मूल लहान असेल आणि त्याच्या आळशी, म्हणजे नजर पूर्ण न घडलेल्या, डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचे उपचार चालू असतील, तर त्याचा पूर्ण नंबर चष्म्यात असणे हा उपचाराचाच भाग असतो. त्यामुळे काचेचा प्रकार बदलताना नंबरात कोणतीही तडजोड करू नये.

काच कोणती, आणि का

चष्म्याच्या दुकानात तीन गोष्टी समोर येतात. जुन्या पद्धतीची खरी काच फुटली की तिचे धारदार तुकडे होतात, त्यामुळे ती आपल्या कामाची नाही. दुसरी ‘फायबर’ या नावाने विकली जाणारी साधी प्लॅस्टिक काच. तिचे तांत्रिक नाव सीआर-३९ आहे. ती काचेपेक्षा हलकी आणि सहज न फुटणारी असते, परंतु जोराचा आघात झाला तर तिचेही तुकडे होतात. तिसरी पॉलीकार्बोनेट. हा पदार्थ आघाताने तडकण्याऐवजी दबतो आणि वाकतो, आणि त्यामुळे आघाताचा जोर सामावून घेतो.

फरक किती आहे, हे चाचण्यांवरून समजते. अमेरिकेत चष्म्याच्या साध्या काचांसाठी जी चाचणी १९७२ पासून लागू आहे, तिच्यात सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून काचेवर सोडली जाते. साधी प्लॅस्टिक काच ही चाचणी पार करू शकते. सुरक्षा-चष्म्यांच्या कठोर चाचणीत मात्र ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने काचेवर मारली जाते. दोन मिलिमीटर जाडीची पॉलीकार्बोनेट काच हा मारा सहन करू शकते. छिन्नीवरून उडालेली लोखंडाची कपची किंवा दुचाकीच्या चाकाखालून उसळलेला खडा याच स्वरूपाचा असतो, म्हणजे लहान आणि वेगवान.

विकणाऱ्याने ‘ही अनब्रेकेबल आहे’ असे सांगितले तर तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण हा शब्द साध्या फायबरच्या काचेसाठीही सर्रास वापरला जातो. पदार्थाचे नाव विचारावे. पॉलीकार्बोनेटच्या जोडीला ट्रायव्हेक्स नावाचा आणखी एक मजबूत पदार्थ मिळतो. तो अधिक हलका आहे आणि त्यातून कडेला दिसणाऱ्या रंगांचा त्रास कमी होतो, परंतु तो महाग पडतो आणि सर्व दुकानांत मिळतोच असे नाही. नंबर मोठा नसेल तर त्याच्यासाठी अडून राहण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

दुसरा टप्पा: जाडी सांगून घेणे

याच टप्प्यावर सर्वाधिक चष्मे फसतात. काच पॉलीकार्बोनेटची असते, परंतु पातळ असते. हा पदार्थ साध्या प्लॅस्टिकपेक्षा पातळ घासता येतो, आणि ग्राहकालाही पातळ, हलका चष्मा आवडतो. त्यामुळे वजा नंबराच्या काचा मध्यभागी बऱ्याचदा १ ते १.५ मिलिमीटरपर्यंत घासल्या जातात. वजा नंबराची काच मध्यभागी सर्वांत पातळ असते आणि तिचा तोच भाग बाहुलीच्या समोर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातला धोका कळतो.

रोजच्या वापराच्या चष्म्यासाठी मध्यभागी किमान २ मिलिमीटर जाडी मागावी. घण, छिन्नी, ग्राइंडर, लेथ अशी कामे असतील तर ३ मिलिमीटर मागावी आणि ती सुरक्षा-चष्म्याच्या फ्रेममध्ये बसवून घ्यावी. नंबर शून्य असेल तर काच सर्वत्र सारख्याच जाडीची येते आणि प्रश्न सोपा होतो. चष्मा हातात आल्यावर दुकानातच जाडी मोजायला सांगावे. काचेची जाडी मोजण्याचे लहानसे कॅलिपर काचा घासणाऱ्या कारागिराकडे असते, आणि हे मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही. मोजायला टाळाटाळ होत असेल तर तो चष्मा घेण्याची घाई करू नये.

काचांवर दोन्ही बाजूंनी हार्ड कोटिंग हवे, कारण पॉलीकार्बोनेट आघाताला जितके चिवट आहे, तितकेच ते ओरखड्यांना मऊ आहे. चकाकी कमी करणारे कोटिंग रात्री वाहन चालवणाऱ्याला उपयोगी पडते, परंतु त्यामुळे काचेची आघात सोसण्याची क्षमता काहीशी कमी होते. म्हणून कारखान्यातल्या चष्म्यावर ते नसले तरी चालेल. अतिनील किरणांसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. पॉलीकार्बोनेट ते किरण स्वतःच अडवते, काच रंगीत असो वा पारदर्शक.

तिसरा टप्पा: फ्रेम

काच कितीही चांगली असली तरी फ्रेममधून मागे निसटून डोळ्यावर आदळली तर उपयोग शून्य. म्हणून काचेच्या चारही बाजूंनी कड असलेली पूर्ण फ्रेम घ्यावी. कड नसलेल्या फ्रेममध्ये काचेला भोके पाडून दांड्या जोडलेल्या असतात, आणि त्या भोकांपासून तडे जातात. खालच्या बाजूला फक्त दोरा असलेल्या अर्ध्या फ्रेममध्ये काच धक्क्याने बाहेर येते. सुरक्षा-चष्म्याच्या फ्रेममध्ये काच बसण्याची खाच खोल असते आणि तिची आतली, म्हणजे डोळ्याकडची कड उंच असते, त्यामुळे समोरून धक्का बसला तरी काच मागे सरकत नाही. साध्या फॅशनच्या फ्रेममध्ये ही कड नसते, आणि ३ मिलिमीटरची काच तिच्यात नीट बसतही नाही.

परदेशी बनावटीच्या सुरक्षा-फ्रेमवर ‘झेड ८७’ ही अमेरिकन मानकाची खूण दांडीवर किंवा नाकाजवळ कोरलेली असते, आणि तिच्यापुढे अधिक-चिन्ह असेल तर वेगाच्या माऱ्याची चाचणी झालेली असते. भारतीय मानकांत डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हा क्रमांक आहे. नंबराचा चष्मा करताना खूण फ्रेमवर असली तरी काचा वेगळ्या बसवल्या जातात. त्यामुळे फ्रेमवरची खूण म्हणजे काचेचीही हमी, असे समजू नये.

मापाबाबत एवढे पाहावे की चष्मा घातल्यावर भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत डोळा झाकला जातो, पापण्या काचेला लागत नाहीत आणि मान खाली घालून डावी-उजवी हलवली तर चष्मा घसरत नाही. दुसऱ्या कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे. काच आणि कानशील यांच्यातून डोळा सहज उघडा दिसत असेल तर कडेला संरक्षक पट्ट्या असलेली फ्रेम घ्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने नाकावरचा चष्मा घसरतोच, त्यामुळे मागे बांधायचा पट्टा सुरुवातीपासूनच घेऊन ठेवावा. लहान मुलांसाठी तर तो असायलाच हवा.

एक उदाहरण, तपशिलासह

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातील एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम करणारे एक गृहस्थ आहेत, वय ४६. मागाची दुरुस्ती, झिजलेले भाग काढणे-बसवणे, घट्ट बसलेली खीळ छिन्नीने ठोकून काढणे, अधूनमधून ग्राइंडरवर एखादा भाग घासणे, हे त्यांचे रोजचे काम. उजव्या डोळ्याचा नंबर अधिक ५, आणि तो लावूनही नजर ६/३६ च. लहानपणी चष्मा न मिळाल्याने राहून गेलेला आळशी डोळा. डाव्या डोळ्याला लांबचा नंबर नाही, नजर ६/६. मात्र वयामुळे जवळचे दिसायला अधिक १.५० लागते. आतापर्यंत ते वर्तमानपत्र वाचण्यापुरता रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा वापरतात, आणि कामाच्या वेळी डोळे उघडे असतात.

प्रथम उजव्या काचेचा विचार करू. या वयात अधिक ५ ची काच एका बाजूला आणि शून्याची दुसऱ्या बाजूला दिली, तर दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांच्या आकारात फरक पडतो. डोके जड होते, पायऱ्या उतरताना चुकल्यासारखे वाटते, आणि परिणामी माणूस चष्मा काढून ठेवतो. त्या बदल्यात मिळते काय, तर ६/३६. तेव्हा तपासणाऱ्याशी बोलून उजव्या बाजूला डाव्या काचेशी वजनाने आणि दिसण्याने जुळणारी समतोल काच घ्यावी. परंतु तीही पॉलीकार्बोनेटचीच हवी. ‘त्या डोळ्याला काय, साधी लावू’ असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. कारण उद्या डाव्या डोळ्याचे काही झाले तर त्या ६/३६ वरच या गृहस्थांना घरात वावरायचे आहे.

डाव्या बाजूला वर शून्य आणि खाली अधिक १.५० असा बायफोकल घ्यावा. येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. फक्त शून्य नंबराचा सुरक्षा-चष्मा दिला, तर तुटलेला धागा जोडताना किंवा मोजपट्टीवरचे आकडे वाचताना ते तो काढतील आणि खिशातला तयार चष्मा चढवतील. तयार चष्म्याची काच कोणत्या पदार्थाची आहे, याची कसलीही खात्री नसते, आणि नेमके तेव्हाच डोळे कामाच्या सर्वांत जवळ आलेले असतात. म्हणून जवळचा नंबर याच चष्म्यात असणे हा केवळ सोयीचा भाग नाही. बायफोकलची रेघ खालच्या पापणीच्या पातळीला ठेवावी. त्याहून वर घेतली तर मागांच्या बोळातून चालताना जमीन अस्पष्ट दिसते. मागाखाली आडवे पडून वर पाहत काम करायचे असेल तेव्हा खालच्या भागातील जवळचा नंबर उपयोगी पडत नाही. अशा वेळेसाठी संपूर्ण काचेत जवळचा नंबर असलेला दुसरा पॉलीकार्बोनेट चष्मा पेटीत ठेवता येईल.

आता दुकानात देण्याची चिठ्ठी. तोंडी सांगितलेले विसरले जाते, म्हणून ती लिहूनच द्यावी आणि तिचाच मजकूर पावतीवर मागावा: ‘दोन्ही काचा पॉलीकार्बोनेट. मध्यभागी जाडी किमान ३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना हार्ड कोटिंग. डावी शून्य, जवळसाठी अधिक १.५०, बायफोकल. उजवी समतोल काच. पूर्ण कडेची सुरक्षा-फ्रेम, कडेला पट्ट्यांसह.’ पावतीवर पदार्थाचे नाव असेल तर नंतर वाद उद्भवत नाही.

ग्राइंडरसाठी एवढेही पुरेसे नाही. ठिणग्या आणि कण वरून, खालून, कडेने येतात, तेव्हा या चष्म्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल चढवावी. आणखी एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मागावर आडवा धागा नेणारा धोटा उडून आला तर ती वेगळीच गोष्ट आहे. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेला आणि चांगलाच वजनदार धोटा तोंडावर आला तर कोणताही चष्मा पुरा पडेल असे कोणी सांगू नये. काच फुटली नाही तरी फ्रेमच चेहऱ्यात रुतू शकते. त्याचा उपाय मागावर आहे: धोटा बाहेर उडू न देणारी आडवी दांडी किंवा जाळी जागेवर असणे, धोट्याला ठोकर देणारे पिकर झिजले की वेळेवर बदलणे आणि चालू मागाच्या दोन्ही टोकांच्या रेषेत उभे न राहणे. जॉबरच्या हातात हे तिन्ही असते, हे त्यातल्या त्यात बरे.

चौथा टप्पा: चष्मा ताब्यात घेताना

जाडी मोजून झाली की काच खरोखर पॉलीकार्बोनेटची आहे का, याचा अंदाज घरीही घेता येतो. एलसीडी पडद्याच्या संगणकावर पूर्ण पांढरे पान उघडावे आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत तो फिरवावा. आता गॉगल आणि पडदा यांच्यामध्ये आपला चष्मा धरावा. पॉलीकार्बोनेटची काच साच्यात घडवताना तिच्यात ताण राहून जातो, त्यामुळे तिच्यात रंगीत पट्टे उमटलेले दिसतात. साध्या फायबरच्या काचेत असे पट्टे जवळजवळ दिसत नाहीत, दिसलेच तर फ्रेमने दाबलेल्या कडेपाशी थोडेसे. ही चाचणी निर्णायक नाही, कारण ट्रायव्हेक्समध्येही पट्टे फारसे दिसत नाहीत. पण पावतीवर पॉलीकार्बोनेट लिहिलेले असताना काच अगदी स्वच्छ काळी दिसली, तर दुकानात परत जाऊन विचारण्याइतका आधार नक्कीच मिळतो.

सुरुवातीच्या दिवसांत काही जणांना दिव्याच्या किंवा खिडकीच्या कडेला निळी-पिवळसर झालर दिसते, विशेषतः काचेच्या कडेतून पाहताना. हा पदार्थ प्रकाशाचे रंग साध्या काचेपेक्षा जास्त विखुरतो, त्याचा हा परिणाम आहे. शून्य किंवा लहान नंबरात तो जाणवतही नाही. मोठ्या नंबरात जाणवत असेल तर काचेचे केंद्र बाहुलीच्या समोर आहे का ते तपासून घ्यावे. केंद्र चुकलेले असेल तर सवय होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, काच बदलून घ्यावी.

पाचवा टप्पा: रोज कुठे कुठे घालायचा

इजा कामावरच होते असे नाही, किंबहुना घरातल्या आणि गल्लीतल्या इजा अधिक अनपेक्षित असतात. फोडणीत उडणारी मोहरी, खिळा ठोकताना निसटलेला खिळा, दुचाकीवर समोरून येणारा किडा, मुलाच्या हातातली पेन्सिल. शेतात जाणाऱ्यासाठी ज्वारीची पाती आणि उसाची पाने हा खरा धोका आहे. पानाची कड बुबुळावर ओरखडली तर जखम दिसायला किरकोळ असते, पण वनस्पतीतून आलेल्या बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. ज्वारीची काढणी असो की उसाची तोडणी, एक डोळा कमजोर असलेल्याने चष्म्याशिवाय शिवारात उतरू नये.

तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या लहान पुड्या आपल्याकडे घरोघर असतात. पुडी दाबली की ती फुटून चुना थेट डोळ्यात जातो, आणि चुन्याचा दाह बुबुळाच्या आत खोलवर पोहोचतो. लहान मुले खेळण्यासारखी ती दाबतात. चष्मा समोरून आलेला शिंतोडा अडवतो, परंतु द्रव कडेने आत शिरतो. म्हणून या घरांत चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवणे, हाच खरा उपाय. हेच दिवाळीच्या फटाक्यांबाबत: पाहायचे तर चष्मा घालून आणि लांबून, पेटवायचे काम दुसऱ्याने करावे. सिद्धेश्वर यात्रेतील शोभेचे दारूकाम पाहतानाही गर्दीच्या मागे राहणे बरे.

मुलाला खेळापासून तोडण्याचे कारण नाही. टेनिस चेंडूचे क्रिकेट, बॅडमिंटन, विटी-दांडू यांसाठी मात्र रोजचा चष्मा पुरेसा धरू नये. डोक्यामागे पट्टा असलेला, नाक आणि कपाळावर गादी असलेला खेळाचा पॉलीकार्बोनेट गॉगल घ्यावा आणि त्यात नंबर बसवून घ्यावा. चामडी चेंडूच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी करताना त्यावर जाळी असलेले हेल्मेटही लागेल. बॉक्सिंग आणि पूर्ण संपर्काचे कराटेसारखे प्रकार अशा मुलांनी खेळूच नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण तेथे डोळ्यांचे संरक्षण वापरता येत नाही. शाळेत शिक्षकांना लेखी कळवावे. नाहीतर ‘खेळताना चष्मा काढून ठेव’ असे कोणीतरी चांगल्या हेतूनेच सांगते.

दुचाकीवर चष्मा असला तरी हेल्मेटची काच खाली असावी. पण रात्री रंगीत काच नको. एका डोळ्यावर चालणाऱ्याला एका बाजूचे कमी दिसते, त्यात अंधार वाढवण्यात काहीच शहाणपण नाही.

सहावा टप्पा: निगा आणि बदल

मागांच्या कारखान्यात सुताचे तूस आणि तेलाचा सूक्ष्म थर काचेवर सतत बसतो. तो सदऱ्याच्या टोकाने कोरडाच पुसला की धुळीचे कण कोटिंगवर रेघा ओढतात. आधी नळाखाली धरून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग बोटांनी थोडा सौम्य साबण लावावा, पुन्हा धुवावे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव काचेला लागू देऊ नये. ॲसिटोन पॉलीकार्बोनेटला खाते आणि काच पांढुरकी होऊन तडकते. मे महिन्यात चष्मा दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेपाशी ठेवला तर उष्णतेने कोटिंगला जाळीसारखे बारीक तडे जातात.

काच किती दिवसांनी बदलावी, याचे ठरलेले वेळापत्रक देण्यात अर्थ नाही. ती हातात धरून तिरप्या प्रकाशात पाहावी. खोल ओरखडे, कोटिंगचे तडे किंवा फ्रेमच्या कडेपाशी बारीकशी चीर दिसली तर काच बदलावी. ओरखड्यांमुळे नजर अस्पष्ट होते एवढेच नव्हे, तर आघात सोसण्याची काचेची ताकदही घटते. एखाद्या आघातातून डोळा वाचला असेल, तर काच वरून धड दिसली तरी ती बदलून टाकावी. चष्मा मोडला तर नवा येईपर्यंत उघड्या डोळ्याने वावरावे लागू नये म्हणून जुना, थोडा ओरखडलेला का होईना, पॉलीकार्बोनेट चष्मा राखून ठेवावा.

इजा झालीच तर

चुना, ॲसिड, सिमेंट किंवा कोणतेही रसायन गेले तर दुसरे काहीही करण्याआधी, पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान १५ ते ३० मिनिटे धुवावा आणि मगच दवाखान्यात निघावे. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकले असतील तर तेही पाण्याने निघू द्यावेत. उलट, काही टोचले असेल, डोळ्यातून काही बाहेर आल्यासारखे दिसत असेल किंवा छिन्नीच्या कामात अचानक काहीतरी लागल्याची जाणीव झाली असेल, तर धुणे, चोळणे, दाबणे किंवा घट्ट पट्टी बांधणे टाळावे. कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून त्याची कड भुवई आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटवावी आणि थेट नेत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाची बारीक कपची आत गेली तरी कधी कधी फारसे दुखत नाही आणि नजरही काही काळ चांगली राहते. म्हणून ‘आता बरे वाटते’ हे घरी थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

कारखान्यात काडीने किंवा कापडाच्या टोकाने कण काढून देणारा एखादा अनुभवी माणूस असतोच. त्याचा हात दोन्ही डोळे चांगले असलेल्यालाही लावू देऊ नये, आणि आपल्याला तर नाहीच. पान किंवा काटा लागल्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली कमी होऊन बरे वाटते आणि आत बुरशी वाढत राहते. शासकीय रुग्णालयात असो वा खासगी, नोंदणीच्या खिडकीपाशीच पहिले वाक्य असे सांगावे: ‘दुखापत झालेला डोळा हाच माझा चांगला डोळा आहे, दुसऱ्याने ६/३६ च दिसते.’ त्यासाठी तपासणीचा जुना कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला असावा, आणि तुटलेला चष्माही सोबत न्यावा, म्हणजे काचेचा एखादा तुकडा कमी आहे का, हे डॉक्टरांना पाहता येते.